नॉरट्रिप्टिलीनच्या जुळ्यांपासून जनुकीय अहवालापर्यंत

नैराश्यावरच्या औषधांसाठी जनुकीय चाचणी हा प्रकार नवा वाटतो, पण त्याचे मूळ १९६९ च्या स्वीडनमध्ये आहे. स्योक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथे जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या औषधाचा सारखाच डोस दिला. एकरूप जुळ्यांच्या रक्तात औषधाची पातळी जवळपास सारखी भरली, भिन्न जुळ्यांत तशी भरली नाही. मात्र बार्बिच्युरेट ही गुंगीची औषधे घेणाऱ्यांत पातळी बरीच खाली गेली. म्हणजे जनुकांचा प्रभाव आणि त्यावर मात करणारे दुसरे औषध, दोन्ही पहिल्याच अभ्यासात दिसले होते. दुसरी गोष्ट पुढे आपण सोयीस्करपणे विसरलो.

पुढे सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही औषधांचे विघटन करणारी यकृतातली एन्झाइमे ओळखीची झाली. पुरावा सर्वांत भक्कम आहे तो इथे. नॉर्वेतल्या २०१८ च्या अभ्यासात एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध घेणाऱ्या २०८७ रुग्णांपैकी ज्यांचे सीवायपी२सी१९ काम करत नव्हते, त्यांच्या रक्तात औषध सुमारे ३.३ पट साचले, आणि वर्षभरात औषध बदलावे लागण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. भारतीयांत या जनुकाचा निष्क्रिय प्रकार युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो, त्यामुळे प्रश्न आपल्या ओपीडीचाही आहे.

पण ‘किती द्यावे’ याचे उत्तर म्हणजे ‘कोणते लागू पडेल’ याचे उत्तर नव्हे. जनुकीय अहवालावरून औषध निवडणे आणि नेहमीचे उपचार यांची तुलना करणाऱ्या २०१९ च्या ‘गाइडेड’ अभ्यासात मुख्य निकष होता आठ आठवड्यांत नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन गुणांत होणारी घट. ती जनुकीय अहवाल वापरलेल्या गटात २७.२ टक्के, नेहमीच्या उपचारात २४.४ टक्के भरली. फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. पूर्ण बरे होण्याचे प्रमाण १५.३ विरुद्ध १०.१ टक्के होते, पण तो दुय्यम निकष. जाहिरातीत नेमका हाच आकडा मोठ्या अक्षरांत येतो. सहकाऱ्यांपुढे मांडताना मी मुख्य निकष आधी सांगतो. शिवाय डॉक्टरांना अहवाल माहीत होता, हेही सांगतो. सेरोटोनिन वाहक आणि ग्राहकाच्या जनुकांवरून औषध निवडण्याची शिफारस जनुकांनुसार औषधे देण्याबाबत मार्गदर्शन करणाऱ्या सीपीआयसी या गटाच्या २०२३ च्या मार्गदर्शनात नाही. अहवालात मात्र ही जनुके रकाने भरून येतात.

समजा, एस्सिटालोप्राम १० मि.ग्रॅ. वर असलेल्या एका रुग्ण बाईंना मळमळ आणि गुंगी आहे, आणि अहवालात २सी१९ ची दोन्ही रूपे निष्क्रिय आहेत. मग डोस निम्म्यावर आणणे किंवा मुख्यतः दुसऱ्या मार्गाने विघटन होणारे औषध देणे सयुक्तिक. सर्ट्रालीनकडे वळलो तरी पूर्ण सुटका नाही, तेही काही अंशी याच एन्झाइमावर अवलंबून आहे. उलट जनुक सामान्य असूनही बाई रोज आम्लपित्तावरचे ओमेप्राझोल घेत असतील, तर ते एन्झाइम दबलेले असते आणि अहवालातला ‘सामान्य’ शब्द फसवतो. म्हणून रुग्णाच्या भेटीत अहवालाआधी गोळ्यांची पिशवी उघडावी. अहवालात हिरव्या, म्हणजे ‘चालेल’ अशा रकान्यातल्या औषधाबद्दल एवढेच म्हणावे: डोसाबाबत जनुकांची अडचण दिसत नाही.