झुरका आणि झुरका यांच्या मधला धूर

एक सिगारेट साधारण सहा-सात मिनिटं जळते. तेवढ्या वेळात ओढणारा दहा-बारा झुरके घेतो आणि प्रत्येक झुरका जेमतेम दोन सेकंदांचा असतो. म्हणजे सगळे मिळून अर्धा मिनिटही होत नाही. उरलेला सगळा वेळ सिगारेट बोटांत किंवा ॲशट्रेवर आपली आपणच जळत असते. घरातल्या मुलांच्या दृष्टीने हाच वेळ महत्त्वाचा, कारण आसपासच्यांच्या नाकात जाणाऱ्या धुरातला बहुतेक भाग, सुमारे ८५ टक्के, या पेटत्या टोकावरून सरळ हवेत आलेला असतो. ओढणाऱ्याने आत घेऊन बाहेर सोडलेला धूर त्या मानाने थोडाच.

हे दोन्ही धूर सारखे नसतात. झुरका घेताना हवा निखाऱ्यातून खेचली जाते, तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि तंबाखू त्यातल्या त्यात नीट जळतो. झुरका थांबला की तापमान ६०० अंशांच्या जवळ उतरतं, प्राणवायू कमी पडतो आणि तंबाखू धुमसू लागतो. ओल्या लाकडाची चूल जशी जाळापेक्षा धूरच जास्त करते, तसं. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड, बेन्झिन आणि तंबाखूतली खास कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स जास्त प्रमाणात निघतात. अमोनिया तर कित्येक पटींनी जास्त असतो. डोळे चुरचुरतात ते काही अंशी त्यामुळेच. शिवाय हा धूर फिल्टरमधून जातच नाही. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाशी जोडलेली आहेत.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे सर्वांत आधी नीट तपासलं ते सिगारेट कंपनीनेच. फिलिप मॉरिसच्या मालकीच्या, जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग झाले. टोकावरचा ताजा धूर वजनास वजन धरून ओढलेल्या धुराच्या सुमारे चौपट विषारी निघाला. हे निष्कर्ष कंपनीने त्या वेळी लोकांपुढे ठेवले नाहीत. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे कागदपत्रं खुली झाली आणि २००५ साली दोन संशोधकांनी ते प्रसिद्ध केले.

आता हा धूर मोटारीत आणू. एक सिगारेट जळताना सुमारे १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडते. हे कण अडीच मायक्रॉनहूनही बरेच बारीक असतात आणि फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात. हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत ‘पीएम २.५’ म्हणतात त्यातलेच. छोट्या मोटारीच्या आतली जागा धरा ३ घनमीटर. काचा बंद असतील आणि धूर आतच राहिला, तर एका घनमीटरला ३,३०० मायक्रोग्रॅम कण होतात. भारतात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. एसी ‘आतली हवा फिरवा’ या बटणावर असेल, तर तो तीच हवा गार करून पुन्हा मागच्या सीटवर पाठवतो.

“पण मी काच खाली करतो ना!” हे उत्तर ठरलेलंच. तेही हिशेबात घेऊ. काच उघडल्यामुळे दर दोन मिनिटांनी गाडीतली सगळी हवा बदलते असं समजा. म्हणजे मिनिटाला दीड घनमीटर नवी हवा येते आणि त्याच मिनिटात सिगारेट साधारण दीड मिलिग्रॅम कण सोडते. दोन्हींचा मेळ बसून हवेतली पातळी १,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास स्थिरावते. हात खिडकीबाहेर धरला तर काही धूर परस्पर बाहेर जातो आणि आकडा उतरतो. गाडी सिग्नलला थांबली की तो पुन्हा चढतो. प्रत्यक्ष गाड्यांत घेतलेल्या मोजमापांतही काही शेपासून काही हजारांपर्यंतचे आकडे आलेले आहेत.

इथे एक आक्षेप रास्त आहे: मर्यादा दिवसभराच्या सरासरीची आहे आणि प्रवास दहा मिनिटांचा. सरासरीत ती दहा मिनिटं छोटीच दिसतात. पण दमा असलेल्या मुलाची श्वासनळी दिवसाची सरासरी काढत बसत नाही, ती त्या क्षणी आकसते. आणि घरात तर वेळही थोडा नसतो. दहा बाय दहाच्या खोलीत तीच एक सिगारेट साडेतीनशेच्या आसपास पातळी करते. दारं-खिडक्या लोटलेल्या असतील आणि तासाला एकदाच हवा बदलत असेल, तर ती ६०च्या खाली यायला जवळजवळ दोन तास लागतात. दिसणारा धूर मात्र काही मिनिटांतच नाहीसा होतो. छताचा पंखा कण पसरवतो, बाहेर काढत नाही.

मुलांनाच याचा जास्त फटका का? दहा किलोचं वर्षाचं बाळ दिवसाला सुमारे ५ घनमीटर हवा घेतं, साठ किलोचा माणूस सुमारे १५. म्हणजे एकाच खोलीत बसून बाळ किलोमागे बापाच्या दुप्पट धूर आत घेतं. त्यात नळ्या अरुंद. हवेला होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली तर अडथळा तिप्पट होतो. बाळाच्या ४ मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर सोळापट. मोठ्याला जिथे नुसता खोकला येतो, तिथे बाळाची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागते. कानाचंही तसंच. घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते; धुराने ती सुजली की कानात पाणी साठतं आणि कान फुटण्याचं दुखणं मागे लागतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६च्या अहवालाने न्यूमोनियासारखे संसर्ग, कानाचे विकार, अधिक तीव्र दमा, फुप्फुसाची मंदावलेली वाढ आणि तान्ह्या बाळाचा झोपेत होणारा आकस्मिक मृत्यू या सगळ्यांमागे हा धूर असल्याचा निर्वाळा दिला. आणि मूल उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, हेही आहेच.

मुलाच्या शरीरात धूर गेला की नाही, हे तपासता येतं. निकोटिन रक्तातून दोनेक तासांत निम्मं होतं, पण त्यापासून बनणारं कोटिनीन निम्मं व्हायला सुमारे सोळा तास घेतं. त्यामुळे लाळेत किंवा लघवीत ते सापडतं. “आम्ही मुलांसमोर ओढत नाही” म्हणणाऱ्यांच्या मुलांतही सापडतं, कारण गॅलरीचं दार उघडं राहतं आणि निकोटिन पडद्यांवर, गादीवर, शर्टावर चिकटून बसतं. हवेतल्या नायट्रस आम्लाशी त्याची क्रिया होऊन नायट्रोसामाइन्स बनतात, हे २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं. रांगणारं बाळ तीच चादर तोंडात घालतं.

सार्वजनिक जागी बंदी आली तर लोक घरात जास्त ओढतील, अशी भीती पूर्वी घातली जायची. स्कॉटलंडने मार्च २००६मध्ये बंदी आणली. त्याआधी मुलांचं दम्यासाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होतं; नंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागलं. इंग्लंडने ऑक्टोबर २०१५पासून अठरा वर्षांखालचं कुणी गाडीत असेल तर खासगी गाडीतही ओढायला मनाई केली. आपल्याकडे मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये सार्वजनिक जागांबद्दल आदेश दिला आणि २ ऑक्टोबर २००८पासून कडक नियम आले. बस, रेल्वे, कचेऱ्या, हॉटेलं त्यात आली. घर आणि स्वतःची मोटार मात्र त्या नियमांच्या बाहेर आहे, आणि २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी आपल्या घरात हा धूर श्वासावाटे जातो असं सांगितलं होतं. त्या पाहणीत लहान मुलांना प्रश्न विचारलेले नव्हते.