वर्णनात चुकीची स्पेलिंग खपवणे (बडोदा)

दुकानाच्या, पदार्थाच्या किंवा जागेच्या वर्णनात मुख्य नाव बरोबर लिहून लोक शोधताना टाइप करतात ती दुसरी स्पेलिंगही अशी घालायची, की शोधणाऱ्याला सापडावं पण वाचणाऱ्याला लिहिणारा ढिसाळ वाटू नये. बडोद्यात याची गरज जरा जास्तच, कारण इथे एकच नाव मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार हातांतून जातं आणि प्रत्येक हात थोडा वेगळा वळतो.

सगळ्यात आधी वेगळं करायचं ते पर्यायी रूप आणि निव्वळ चूक. बडोदा ही चूक नाहीच, शहराचं सरकारी नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं तरी Bank of Baroda, रणजीत खेळणारी बरोडा टीम आणि एम. एस. युनिव्हर्सिटी यांच्या नावात Baroda तसंच राहिलं, त्यामुळे "दुकान युनिव्हर्सिटी ऑफ बरोडाच्या जवळ" असं लिहिलं की जुनं नाव आपसूक आत येतं आणि कोणी भुवई उंचावत नाही. तसंच राजघराण्याचं आडनाव रोमनमध्ये Gaekwad, पण बाकी मराठी माणसं सर्रास Gaikwad लिहितात. राजवाडा १८९० चा, नाव Laxmi Vilas Palace, आणि शोधणारे Lakshmi पण टाकतात. ही सगळी खरी रूपं आहेत, ती मजकुरात बिनधास्त चालतात. Vadodra मात्र सरळ चूक आहे, फक्त एक a राहिलेला, आणि तिला वाक्यात बसवायला कुठलंच कारण मिळत नाही.

कारण मिळतंय का, हीच खरी कसोटी. वेगळं रूप कुणाचं आहे हे वाक्याने सांगायला हवं, म्हणजे कोण तसं म्हणतं, कुठल्या पाटीवर तसं दिसतं. ते रूप काढून टाकलं आणि वाक्यातली माहिती कमी झाली नाही, तर ते नुसतं ठासलेलं होतं.

उदाहरण सेव उसळीचं घेऊ, बडोद्याचा हा पदार्थ सगळ्यात जास्त प्रकारे लिहिला जातो. दांडिया बाजारातल्या एखाद्या फरसाणवाल्याने आधी असं लिहिलं समजा: "सेव उसळ, शेव उसळ, सेव उसल, sev usal, sev ussal, बडोदा, वडोदरा, बरोडा बेस्ट." वाचणाऱ्याला पदार्थ काय हेच कळत नाही, आणि अशी शब्दांची रास गूगलच्या स्पॅम नियमांतही बसते. आता हेच नीट: "बडोद्याची सेव उसळ, म्हणजे सुक्या पांढऱ्या वाटाण्याची झणझणीत उसळ, वर सेव, कांदा आणि तिखट तरी, सोबत पाव. आमच्या मराठी गिऱ्हाईकांची ही शेव उसळ, हिंदी मेन्यूवर उसल दिसेल, चव तीच." पाच रूपांपैकी तीन आत आली, प्रत्येकाला धनी आहे, आणि sev ussal मुद्दाम बाहेर ठेवलंय. शेव हे तर मराठीतलं शुद्ध रूप, त्याला चूक म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, जेवण थंड होतं.

भाकरवडीचंही तसंच, पुण्याकडे बरेच जण बाकरवडी म्हणतात, तेव्हा "पुण्याची बाकरवडी खाल्लेल्यांनी इथली भाकरवडी चाखून बघावी" एवढं पुरतं. एक रूप एकदाच. तेच दुसऱ्या परिच्छेदात कुठलंही कारण न देता परत आलं की वाचणारा लगेच समजतो की लिहिणाऱ्याला स्पेलिंग येत नाही, खरं तर ढिसाळपणा दिसतो तो याच गडबडीमुळे. शीर्षक, किंमत आणि पत्ता यांत फक्त मुख्य रूप ठेवावं.

उरलेल्या चुकांना मजकुराच्या बाहेर जागा असते. दुकानाच्या अॅपमध्ये टॅगचा रकाना असेल तर sev ussal, Vadodra तिथे जातात. पेजच्या कोडमध्ये पर्यायी नावासाठी वेगळी जागा आहे, पण तिथेही खरी रूपंच टाकावीत:

```json
"name": "सेव उसळ",
"alternateName": ["शेव उसळ", "Sev Usal"]
```

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत चुका लपवणं ही जुनी युक्ती, ती स्पॅममध्ये धरतात. keywords नावाचा मेटा टॅग भरत बसण्यातही अर्थ नाही, वेब सर्चच्या क्रमवारीत तो वापरत नाही असं गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय. शिवाय साध्या टायपो गूगल स्वतःच बऱ्यापैकी सुधारून घेतं, त्यामुळे ही सगळी खटपट जास्त कामाला येते ती छोट्या दुकानांच्या आतल्या सर्चमध्ये, जिथे एक अक्षर चुकलं की "काही सापडलं नाही" येतं. टॅगमध्ये नेमकं काय टाकायचं ते तिथेच कळतं, रिकाम्या हाताने परतलेल्या शोधांची यादी मिळत असेल तर ती बघावी, अंदाजाने चुका रचू नयेत.

माणसांच्या नावांना यातलं काही लागू नाही. ज्याचं नाव तो जसं लिहितो तसंच, सर्चसाठीसुद्धा नाही मोडायचं.