अठ्ठावीस टक्के आणि दुप्पट: कॉलेजातला निष्कर्ष सातपूरला नेताना

समजा, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात ४०० मुलामुलींची पाहणी झाली. विषय घरोघरचा: सकाळचा नाश्ता आणि पित्त. आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून बसवले आहेत, पण या धाटणीचे प्रबंध वाचायची ज्यांना सवय आहे त्यांना ते ओळखीचे वाटतील. ४०० पैकी १६० जण बहुतेक दिवस नाश्ता न करताच बाहेर पडतात आणि त्यांतल्या ६४ जणांना पित्ताचा त्रास आहे, म्हणजे ४० टक्के. उरलेले २४० जण नाश्ता करतात, त्यांतल्या ४८ जणांना त्रास आहे, म्हणजे २० टक्के. एकूण ११२ जण, २८ टक्के.

या एका तक्त्यातून दोन वाक्यं निघतात. ‘२८ टक्के लोकांना पित्ताचा त्रास आहे’ हे एक. ‘नाश्ता टाळणाऱ्यांत त्रासाचं प्रमाण दुप्पट आहे’ हे दुसरं. पहिलं वाक्य पातळी सांगतं, दुसरं दोन गोष्टींमधलं नातं सांगतं. दोन्ही त्याच ४०० जणांकडून आलेली असल्यामुळे त्यांना एकच निकाल लावला जातो. कुणी म्हणतं, पोरांवरचा अभ्यास आहे, त्याचं काय घेऊन बसलात. कुणी म्हणतं, ४०० चा नमुना आहे, बास झाला. मला दोघांचंही पटत नाही, कारण कॉलेजच्या फाटकाबाहेर ही दोन वाक्यं सारखी टिकत नाहीत आणि मोडली तरी एकाच जागी मोडत नाहीत.

नमुन्याच्या आकाराचं आधी उरकून घेऊ. ४०० जणांवरून काढलेल्या २८ टक्क्यांत साधारण साडेचार टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पण हा फरकाचा अंदाज फक्त त्या कॉलेजापुरता आहे, आणि तोही हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली असतील तर. बऱ्याचदा होतं असं की पहिल्या तासाला जो वर्ग भरलेला सापडतो त्यालाच फॉर्म वाटले जातात. रात्री दोनला झोपणारी आणि नाश्ता बुडवणारी मुलं नेमकी त्या तासाला अंथरुणात असतात. ४०० ऐवजी ४,००० फॉर्म भरले तरी ती मुलं सापडत नाहीत, आणि नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला फिटर तर नाहीच नाही.

आता पातळी. २८ हा आकडा स्वतंत्र नाही, तो दोन प्रमाणांचं मिश्रण आहे: नाश्ता टाळणाऱ्यांचे ४० आणि करणाऱ्यांचे २०. मिश्रण बदललं की आकडा बदलतो. नाशिक शहरात नाश्ता टाळणारे २० टक्केच असतील असं धरा. मग ४० चा पाचवा भाग ८ आणि २० चे चार पंचमांश १६, मिळून २४ टक्के. अशा दुरुस्तीला भारांकन म्हणतात. स्त्री-पुरुष प्रमाण, शहरी-ग्रामीण, वसतिगृहात राहणारे आणि घरून येणारे, अशा बाबतीत ते छान चालतं, कारण त्या सगळ्या प्रकारचे लोक आपल्या ४०० जणांत आहेत. कमी असतील तर त्यांचं वजन वाढवायचं, जास्त असतील तर कमी करायचं.

अडतं ते रिकाम्या खान्यांपाशी. आपल्या तक्त्यात पन्नाशीचं कुणीच नाही. शून्याचं वजन कितीही वाढवलं तरी शून्यच. सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या आजी नाहीत, वीस वर्षं रात्रपाळी केलेला कामगार नाही. तंबाखू खाणारे समजा ९ जण आहेत. शहरात त्यांचा वाटा दहापट असेल तर त्या ९ जणांच्या उत्तरांवर आख्खा निष्कर्ष डोलायला लागतो. त्यांतल्या दोघांनी वेगळं उत्तर दिलं असतं तर आकडा बदलला असता. म्हणून भारांकन केलेला आकडा समोर आला की मी सगळ्यात मोठं वजन किती जणांच्या डोक्यावर आहे ते आधी बघतो. प्रबंधात ते दिलेलं नसेल तर तो शहराचा आकडा म्हणून मी वापरत नाही.

‘विद्यार्थी’ या शिक्क्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. याच नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथल्या पटावर नोकरी सांभाळून शिकणारे, मुलंबाळं असलेले, चाळिशी गाठलेले लोकही विद्यार्थीच. त्यांच्यावरचा अभ्यास आणि कॉलेज रोडवरचा अभ्यास एकाच मापाने मोजून कसं चालेल? वय, काम आणि सवयी यांचे कुठले खाने भरलेत, हेच बघावं लागतं.

नात्याची गोष्ट निराळी, आणि तिचा सगळ्यात चांगला नमुना वैद्यकातच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या एका गावात १९४८ साली ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष घेऊन हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला. बहुतेक सगळे गोरे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, मधुमेह यांवरून पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराची शक्यता किती, याचं सूत्र त्यातून निघालं आणि जगभर वापरलं गेलं. चीनमधल्या मोठ्या लोकसमूहावर ते २००४ मध्ये तपासलं तेव्हा एकेका घटकामुळे धोका किती पटीने वाढतो हे बऱ्यापैकी जुळलं, पण एकूण धोका सूत्राने फार जास्त दाखवला. चीनमधली सरासरी पातळी घालून सूत्र नव्याने जुळवलं, तेव्हा ते नीट चालायला लागलं. उलट, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियाई लोकांत तेच सूत्र धोका कमी दाखवत होतं. तिथल्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने २००८ मध्ये दक्षिण आशियाई पुरुषांसाठी आलेल्या आकड्याला १.४ ने गुणायला सांगितलं. म्हणजे एका गावातलं नातं बरंच लांब गेलं, पातळी मात्र गावातच राहिली.

यावरून ‘नातं असलं की जातं’ असा अर्थ कुणी काढू नये. फ्रेमिंगहॅमचं जे लांब गेलं ते पटीचं नातं होतं, आणि तेही का आहे हे बऱ्यापैकी कळलेलं होतं. आपल्या तक्त्यात या दोन्ही बाजूंना भोकं आहेत.

पहिलं भोक असं. ‘दुप्पट’ आणि ‘शंभरात २० ने जास्त’ या दोन गोष्टी कॉलेजात एकच आहेत, कारण तिथे पाया २० टक्के आहे. आता सातपूरच्या कामगारांत नाश्ता करणाऱ्यांतच ३५ टक्क्यांना पित्त असेल असं धरा. दुप्पट हे नातं तिथे गेलं तर नाश्ता टाळणाऱ्यांत ७० टक्के हवेत. वीसचा फरक गेला तर ५५ हवेत. दोन्ही उत्तरं त्याच तक्त्यातून निघाली आणि त्यांच्यात पंधरा टक्क्यांचं अंतर आहे. कॉलेजातल्या आकड्यांवरून यातलं कुठलं खरं हे ठरवताच येत नाही. ‘हा निष्कर्ष सगळ्यांना लागू पडतो’ असं कुणी म्हटलं की विचारायचं: पट लागू पडते की फरक?

दुसरं भोक जास्त खोल आहे. कॉलेजातली मुलं नाश्ता का टाळतात? बहुतेकदा जागरणामुळे. रात्री उशिरा वडापाव, मग मोबाइल, मग सकाळी उठायला उशीर. सातपूरचा कामगार पहिल्या पाळीला जायचं म्हणून नाश्ता टाळतो, तोही रात्री दहाला झोपून. कॉलेजातलं पित्त खरं म्हणजे जागरणाचं असेल, तर ‘नाश्ता न करणं’ हे तिथे जागरणाचं फक्त चिन्ह आहे. सातपूरला ते चिन्ह वेगळ्याच कारणाने दिसतं आणि नातं तिथे विरून जाईल. हे शोधायला सातपूरला जायचीही गरज नाही. त्याच ४०० जणांत लवकर झोपणारे आणि उशिरा झोपणारे वेगळे करायचे आणि दोन्हीकडे नाश्त्याचं नातं तपासायचं. लवकर झोपणाऱ्यांत ४० विरुद्ध २० चा फरक गळून २२ विरुद्ध २० वर आला, तर प्रबंधाचा विषयच चुकला आहे. दोन्हीकडे तसाच राहिला, तर निदान जागरणाची शंका तरी मिटली.

नातं किती पक्कं आहे हे त्याच ४०० जणांत असं बरंच तपासता येतं: मुलगे आणि मुली, वसतिगृहातले आणि निफाड-दिंडोरीहून रोज बसने येणारे. मात्र हा दिलासा त्या त्या बाजूपुरताच. मुलामुलींत फरक पडला नाही, म्हणजे वयामुळेही पडणार नाही असं होत नाही. आणि विद्यार्थी काही बाबतीत खरोखरच वेगळे असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड सीअर्स यांनी १९८६ मध्ये लिहिलं होतं की त्या वयात मतं पुरती घट्ट झालेली नसतात आणि अधिकारी माणसाचं ऐकण्याकडे कल जास्त असतो. म्हणून ‘आहाराबद्दल माहितीपत्रक दिलं आणि मत बदललं’ अशा अभ्यासाकडे मी पित्ताच्या अभ्यासापेक्षा जास्त संशयाने बघतो. आम्लाचं काम अंगात चालतं, तर माहितीपत्रक सरांच्या हातून येतं. सरांनी वर्गात दिलेला फॉर्म मुलं ज्या मनाने भरतात, त्या मनाने सातपूरचा चाळिशीतला फिटर भरत नाही.

शेवटी बाहेर जाऊन पडताळणी करायचीच, तर पहिला अभ्यास जसाच्या तसा दुसऱ्या कॉलेजात करण्यात फारसा अर्थ नाही. रिकामे खाने रिकामेच राहतात. जिथे मोडण्याची शक्यता जास्त तिथे जावं. सातपूरमध्ये वेगवेगळ्या पाळ्यांतले, तिशीच्या पुढचे २०० कामगार घेतले असं धरू. नाश्ता करणाऱ्या १२० पैकी ४२ जणांना पित्त निघालं, ३५ टक्के; टाळणाऱ्या ८० पैकी ४४ जणांना, ५५ टक्के. एकूण ८६ जण, म्हणजे ४३ टक्के. कॉलेजातला २८ चा आकडा इथे साफ पडला. दुप्पटही दिसली नाही, पट दीडच्या थोडी वर आली; पण ३५ आणि ५५ या दोन्ही आकड्यांत इकडेतिकडे धरलं तर दुप्पट पुरती खोडलीही जात नाही. वीसचा फरक मात्र इथेही दिसला. अशा वेळी प्रबंधात लिहायचं ते एवढंच: नाश्ता टाळणाऱ्यांत, विद्यार्थ्यांत आणि कारखान्यातल्या कामगारांत, पित्ताचं प्रमाण शंभरात सुमारे वीसने जास्त आढळलं. मूळ प्रमाण दोन्हीकडे वेगळं आहे. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आणि साठीच्या पुढच्या लोकांत हे तपासलेलं नाही.