मनी-बॅक पॉलिसी मोडावी की चालू ठेवावी?

"एक लाख ऐंशी हजार भरले आणि हातात एवढेच?" पॉलिसी मोडायला आलेले बहुतेक ग्राहक हेच विचारतात. उत्तर पावत्यांत आणि पॉलिसीच्या मागच्या पानांवरील सरेंडर तक्त्यात असते.

एक नमुना घेऊ. मुदत २० वर्षे, हप्ते १५ वर्षे, विमा रक्कम २ लाख. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षाअखेर ४०-४० हजार परत, शेवटी ८० हजार आणि बोनस. वार्षिक हप्ता १५,०००. बारा हप्ते भरून झालेत, तेरावा आता भरायचा आहे.

पावत्यांची बेरीज करताना मूळ हप्ताच धरा. त्यावर घेतलेला जीएसटी किंवा उशिराचे व्याज सरेंडरच्या हिशेबात येत नाही. बारा हप्त्यांचे १,८०,००० झाले. तक्त्यात बाराव्या वर्षापुढे ६० टक्के लिहिले असेल, तर १,०८,००० होतात. पण आधी मिळालेले दोन मनी-बॅक, म्हणजे ८० हजार, यातून वजा होतात. उरतात २८,००० आणि साचलेल्या बोनसचा थोडा भाग. ही झाली हमीची रक्कम. कंपनी विशेष सरेंडर मूल्यही काढते आणि दोन्हींपैकी जे जास्त ते देते. म्हणून तक्ता पाहून थांबू नका, कंपनीकडून लेखी कोटेशन घ्या. आपल्या नमुन्यात ते ९१,५०० आहे असे धरू. पॉलिसीवर कर्ज असेल तर तेही यातून कापले जाईल.

आता भरलेले पैसे विसरून फक्त पुढचे पाहा. आज मोडली आणि हे ९१,५०० तसेच वाचलेले तीन हप्ते त्या त्या वेळी ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकले, तर आठ वर्षांनी सुमारे २,२९,६०० होतात. व्याजावरचा कर वेगळा. चालू ठेवली, तर तीन वर्षांनी ४० हजार मिळतील. बोनस दरवर्षी ८ हजार असाच राहिला, तर शेवटी २,४०,००० येतील. ते ४० हजारही त्याच ठेवीत ठेवल्यास एकूण सुमारे २,९६,१००. शिवाय मुदतभर पूर्ण २ लाखांचे विमा संरक्षण राहते. एवढी मजल गाठलेली पॉलिसी मोडू नये, असेच आम्ही सांगतो. मात्र बोनसची हमी नसते, त्यामुळे दर कमी धरूनही एकदा हिशेब करून पाहा.

हप्ते झेपतच नसतील, तर आधी 'पेड-अप'चे विचारा. पुढचे हप्ते थांबतात, विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात १,६०,००० होते. त्यातून ८० हजार वजा करून साचलेला ९६,००० बोनस मिळवला, की मुदतीअखेर १,७६,००० मिळतात. तेच ९१,५०० ठेवीत ठेवले, तर सुमारे १,५७,००० होतील. संरक्षण मात्र कमी होते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी चित्र वेगळे असते. बरेच हप्ते बाकी असतात, त्यामुळे चालू ठेवण्याचा फायदा खूपच कमी उरतो. अशा वेळी सगळ्या पावत्या, पॉलिसीची प्रत आणि कंपनीचे कोटेशन घेऊन या. तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून देऊ.