लाल बटुतारे आणि जीवसृष्टी

सूर्याच्या साधारण ८ ते ६० टक्के वस्तुमान असलेले मंद, तांबूस तारे म्हणजे लाल बटुतारे. आकाशगंगेतील चारपैकी सुमारे तीन तारे याच जातीचे, तरीही नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही सहसा दिसत नाही. इंधन ते इतके जपून वापरतात की सर्वांत लहान ताऱ्यांचे आयुष्य लाखो कोटी वर्षांचे असते. जीवसृष्टीला वेळ भरपूर मिळेल, असे यावरून वाटते. पण अडचण वेळेची नसून अंतराची आहे.

सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्सिमा सेंटॉरी याच जातीचा आहे. तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, नरतुरंग तारकासमूहात, ‘मित्र’ ताऱ्याजवळ आहे. मे महिन्याच्या रात्री महाराष्ट्रातून मित्र दक्षिण क्षितिजालगत दिसतो. प्रॉक्सिमासाठी मात्र दुर्बीणच हवी. १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांनी तो जोहान्सबर्गहून शोधला. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ‘प्रॉक्सिमा बी’ या ग्रहाचा शोध २०१६ मध्ये जाहीर झाला. या ग्रहाचे किमान वस्तुमान पृथ्वीपेक्षा थोडेसेच जास्त आहे.

प्रॉक्सिमाचे तेज सूर्याच्या हजारात दीड भागाच्या आसपास. अशा शेकोटीची ऊब हवी तर अगदी जवळ बसावे लागते. प्रॉक्सिमा बी ताऱ्यापासून फक्त ७३ लाख किलोमीटरवर आहे (पृथ्वी सूर्यापासून १५ कोटींवर), आणि तिथले वर्ष ११.२ दिवसांत संपते. एवढ्या जवळ जाऊनही त्याला पृथ्वीच्या दोनतृतीयांशच ऊर्जा मिळते. तिथल्या आकाशात तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल.

या जवळिकीची पहिली किंमत म्हणजे भरतीबल, म्हणजे ग्रहाच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढीतला फरक. ते अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ग्रह वीसपट जवळ आला म्हणजे बल आठ हजारपट झाले. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्शाएवढे असल्याने उरते सुमारे हजारपट. सूर्य पृथ्वीवर जेवढी ओढाताण करतो त्याच्या हजारपट ओढाताण कोट्यवधी वर्षे चालली की ग्रहाची गिरकी मंदावते आणि चंद्र जशी एकच बाजू आपल्याला दाखवतो तशी ग्रहाची एकच बाजू ताऱ्यासमोर राहते. एका गोलार्धात कायमचा दिवस, दुसऱ्यात कायमची रात्र. बुधासारखा, दोन प्रदक्षिणांत तीन गिरक्या घेणारा अपवादही संभवतो.

रात्रीच्या बाजूला हवाच गोठून बर्फ होईल आणि सगळे वातावरण तिथे साचेल, अशी जुनी भीती होती. १९९७ मध्ये जोशी, हॅबर्ले आणि रेनॉल्ड्स यांनी प्रतिमानांतून दाखवले की पृथ्वीच्या हवेच्या दहाव्या हिश्शाइतक्या दाबाचा कार्बन डायऑक्साइडसुद्धा वाऱ्यांवाटे पुरेशी उष्णता पलीकडे पोचवतो. म्हणजे एक बाजू बांधली जाणे जीवघेणे नाही. त्यासाठी हवा मात्र शाबूत हवी.

आणि तिथेच ज्वाला आड येतात. लहान बटुताऱ्याचा गाभा वेगळा राहत नाही. सगळा तारा आतून वरपर्यंत उकळत्या भांड्यासारखा ढवळत असतो. त्यातून तीव्र चुंबकीय क्षेत्रे तयार होतात आणि ती तुटून जुळताना ज्वाला उसळतात. मार्च २०१६ मधील ज्वालेच्या वेळी प्रॉक्सिमा नेहमीच्या सुमारे ६८ पट उजळला होता. १ मे २०१९ रोजी तर हबल दुर्बिणीला त्याचा अतिनील प्रकाश काही सेकंदांत १४,००० पट वाढलेला दिसला. अशा ज्वालांसोबत कणांचे झोतही वारंवार येत राहिले, तर पृथ्वीसारख्या ग्रहाचा ९० टक्के ओझोन पाच वर्षांत नाहीसा होईल, असा एक अंदाज आहे. तरी अतिनील किरणांपासून काही मीटर पाणीही पुरेसे संरक्षण देते. खरा धोका आहे तो हवाच हळूहळू खरवडली जाण्याचा. त्यात या ताऱ्यांचे बालपण लांबते: सुरुवातीची कोट्यवधी वर्षे तारा आजच्यापेक्षा बराच तेजस्वी असतो, त्यामुळे आज सुखद अंतरावर असलेला ग्रह तेव्हा भाजून निघतो आणि त्याचे पाणी वाफ होऊन उडून जाऊ शकते.

हवा उरली आहे का, हे तपासता येते. ग्रह ताऱ्यामागे लपला की एकूण अवरक्त प्रकाश किंचित घटतो. ती घट म्हणजे ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता. वारे असतील तर ती उष्णता पलीकडे वाटली जाऊन ही बाजू थंड दिसेल. जेम्स वेब दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ या दुसऱ्या लाल बटुताऱ्याभोवतीच्या ‘ट्रॅपिस्ट-१ बी’ ग्रहासाठी हे मोजले, तेव्हा तापमान सुमारे २३० अंश सेल्सिअस निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आकडा हवा नसलेल्या उघड्या खडकाशी जुळतो. मात्र हा ग्रह पृथ्वीच्या चौपट ऊर्जा झेलतो. त्याच ताऱ्याच्या बाहेरच्या ग्रहांबद्दल त्यावरून निकाल देणे घाईचे ठरेल. प्रॉक्सिमा बीला ही कसोटी लावताच येत नाही, कारण त्याची कक्षा अशी कललेली दिसते की आपल्या बाजूने पाहता तो ताऱ्यासमोरून जात नाही आणि मागेही लपत नाही.