कॅल्शियम स्कोअर 164 म्हणजे 164 टक्के ब्लॉकेज नव्हे

कोथरूडचे एक गृहस्थ, वय 52, दर रविवारी सिंहगड चढणारे. छातीत दुखणं नाही, मधुमेह नाही, तंबाखू नाही. रक्तदाब किंचित वर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 138. डॉक्टरांनी काढलेला पुढच्या दहा वर्षांचा हृदयविकाराचा धोका भरला सुमारे 8 टक्के. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू करावं की थांबावं, याचा निकाल लागेना, म्हणून त्यांना कॅल्शियम स्कोअरसाठी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनसाठी पाठवलं. 164 चा रिपोर्ट हातात घेऊन ते मलाच विचारू लागले, "अहो, शंभराच्या वर ब्लॉकेज असतं कसं?"

घोळ सीटी अँजिओशी होतो. मशीन तेच, खाटही तीच. पण अँजिओत शिरेतून आयोडीनचा डाय सोडतात, त्यामुळे रक्तवाहिनीची पोकळी दिसते आणि ती किती अरुंद झाली ते टक्क्यांत सांगता येतं. त्यासाठी आधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून क्रिएटिनिन बघतात, नाडी जोरात असेल तर ती मंदावायची गोळी देतात. स्कोअरला यातलं काही नाही: ईसीजीच्या वायर लावायच्या, काही सेकंद श्वास रोखायचा, झालं. पोकळी इथे दिसतच नाही. मोजला जातो तो भिंतीत साचलेला चुना, म्हणजेच कॅल्शियम.

मोजतात कसं, तर अगाटस्टन पद्धतीनं. चित्रात 130 हाउन्सफील्ड एककांहून जास्त घनतेचा ठिपका म्हणजे कॅल्शियम. समजा, एका ठिपक्याचं क्षेत्रफळ 5 चौरस मिलिमीटर आणि त्याची कमाल घनता 320. 300 ते 399 साठी गुणक 3, म्हणून 15 गुण. असे सगळ्या चित्रांतले ठिपके जोडत गेलं की आपल्या गृहस्थांचे 164 होतात. या आकड्याला वरची मर्यादा नाही, हजाराच्या पुढचेही स्कोअर येतात.

मग 164 नं काय बदललं? वाहिनी कुठे तुंबली हे कळलं नाही, पण भिंतीत आजार मुरलाय हे नक्की झालं. 2018 च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा मधल्या धोक्याच्या माणसाचा स्कोअर 100 किंवा अधिक असेल, तर पारडं स्टॅटिनकडे झुकतं. शून्य आला असता, तर त्यांना सध्या गोळीविना थांबता आलं असतं. (धूम्रपान, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर शून्यावरही ही सूट नाही.)

शून्याचा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. मऊ, चुना न धरलेला चरबीचा थर या तपासणीत दिसत नाही. चढताना छाती आवळत असेल, तर शून्य स्कोअर दाखवून घरी बसू नये. तिथे डॉक्टर अँजिओ किंवा दुसरी तपासणी ठरवतील.

गृहस्थांनी स्टॅटिन सुरू केलं आणि लगेच विचारलं, "वर्षानं परत काढू का, उतरला असेल ना?" नको म्हटलं. स्टॅटिननं मऊ थर घट्ट होतो, त्यात चुना धरतो, आणि स्कोअर उलट चढू शकतो. गोळी लागू पडतेय का, ते एलडीएलवर बघायचं.