एक-पानी स्टेटस अपडेटचं संपादन

प्रोजेक्ट कुठवर आला, कुठे अडू शकतो आणि पुढे कोण काय करणार, हे वरिष्ठांना एका पानात कळावं म्हणून साइटवरून आलेल्या मजकुराची जी काटछाट आणि फेरमांडणी करतात, ती म्हणजे हे संपादन. शुद्धलेखन तपासणं हा त्यातला अगदी शेवटचा आणि सोपा भाग. खरं काम असतं ते साइटवरच्या माणसाला फोन लावून "म्हणजे नक्की काय?" विचारण्याचं.

कोकणात बंदरं, जेट्टी, धूपप्रतिबंधक बंधारे अशी कामं चालतात तिथे या पानाला एक वेगळीच धार येते, कारण इथे डेडलाइन ऑफिसात ठरत नाही, समुद्र ठरवतो. प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतात, यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद, आणि मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागला की बार्ज, म्हणजे पाण्यातल्या कामाची यंत्रं वाहणारी सपाट बोट, चालवणारा कुणाचं ऐकत नाही, तो खाडीत आत निघून जातो. म्हणजे मेमधला एक आठवडा हुकला तर आठवडा जात नाही, अख्खा पावसाळा जातो. अपडेटमध्ये हे दिसलं नाही तर ते पान कितीही नीटनेटकं असो, फुकट.

समजा रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या तोंडाशी मासळी उतरवायची जेट्टी बांधतायत, असं बेतलेलं उदाहरण घेऊ. पाण्यात एकूण 48 पाइल, म्हणजे जेट्टीचा भार पेलणारे खोल रुतवलेले खांब, घालायचे आहेत. मार्चअखेरचा अपडेट साइटवरून आला तो अडीच पानांचा, आणि सुरुवात अशी: "सदर काम युद्धपातळीवर सुरू असून 70 टक्के प्रगती साध्य झाली आहे. किरकोळ अडचणींबाबत पाठपुरावा सुरू आहे. स्टेटस: हिरवा." पुढे दीड पान पाहणी दौरा, बैठका, कोण कोण हजर होते वगैरे. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जिथे साहेबांची नजर कधीच पोचत नाही, तिथे एक वाक्य: "रात्रपाळीस मान्यता मिळाल्यास काम वेळेत होईल असे वाटते."

संपादन करणाऱ्याने पहिल्यांदा हेच वाक्य शोधायचं. मागणी जवळजवळ नेहमी शेवटाकडे लपलेली असते, कारण लिहिणाऱ्याला मागायची लाज वाटते. ती उचलून वर आणायची आणि मग बाकीचं पान तिच्याभोवती रचायचं.

दुसरी गोष्ट तपासायची ती 70 टक्के हा आकडा. फोन केल्यावर कळतं की हे बिलांचे टक्के आहेत, स्टीलचे पैसे आधीच दिले गेले म्हणून फुगलेले. पाण्यात पाइल उभे आहेत 22, ठरल्याप्रमाणे हवे होते 28. आर्थिक प्रगती आणि भौतिक प्रगती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. उशीर का, विचारलं तर साइट इंजिनिअर म्हणतो, "साहेब, बोअरमध्ये मुरूम दाखवला होता, खाली काळवत्री लागला." म्हणजे आधी भोक पाडून केलेल्या चाचणीत मऊ मुरूम दिसला होता, प्रत्यक्षात कठीण काळा दगड निघाला. पाइलचं टोक कठीण दगडात रुतवायला लागतं, दगड फोडत खाली जायला वेळ लागतो, त्यामुळे गेले चार आठवडे आठवड्याला तीनच पाइल होतायत. आता ही "किरकोळ अडचण" राहत नाही. उरले 26, तीनच्या वेगाने 31 मे उजाडतो, आणि बार्ज 25 मेला जाणार. तोवर त्यातले 23 होतील, तीन पाइल राहून जातील. ही गुणाकार-भागाकाराची चार ओळींची गोष्ट मूळ अडीच पानांत कुठेच नव्हती.

बाहेरून हिरवं आणि कापलं की लाल, अशा प्रोजेक्टला या धंद्यात कलिंगड म्हणतात. रंग मात्र संपादकाने परस्पर बदलायचा नाही, प्रोजेक्ट मॅनेजरसमोर वरचे आकडे ठेवून त्याच्याकडूनच बदलून घ्यायचा, नाहीतर मीटिंगमध्ये तो हात वर करतो की हे मी लिहिलंच नव्हतं. इथे तो पिवळा झाला. पिवळा म्हणजे काय हेही पानावर एका ओळीत हवं, कारण प्रत्येक ऑफिसात अर्थ वेगळा असतो.

जोखमीच्या रकान्यात मूळ मजकुरात होतं: "पाऊस, दगड, मनुष्यबळ, परवानग्या." ही यादी झाली, जोखीम नाही. दगड तर लागलाच आहे, म्हणजे ती अडचण, ती स्टेटसमध्ये गेली पाहिजे. जे अजून घडलेलं नाही पण घडू शकतं तेच जोखमीत ठेवायचं, आणि वाक्यात कारण, घटना आणि फटका तिन्ही आले पाहिजेत. दोन-तीनच्या वर जोखमी लिहिल्या की वाचणारा सगळ्याच सोडून देतो, हा माझा तरी अनुभव.

एवढं झाल्यावर पानाचा वरचा भाग असा झाला:

"निर्णय हवा: रात्रपाळीसाठी 18 लाख रुपये, 10 एप्रिलपर्यंत.
स्टेटस पिवळा, म्हणजे मागे आहोत पण या निर्णयाने सावरू शकतो. 10 एप्रिलनंतर लाल. 31 मार्चअखेर 48 पैकी 22 पाइल पूर्ण, ठरले होते 28. अपेक्षेपेक्षा कठीण दगड लागल्याने वेग आठवड्याला 3. मागच्या अपडेटमध्ये पाइल संपण्याची तारीख 10 मे होती, आताच्या वेगाने ती 31 मे. बार्ज 25 मेला निघते.
जोखीम: रात्रपाळी लांबल्याने 25 मेपर्यंत पाइल संपले नाहीत तर बार्ज थेट सप्टेंबरात परतेल आणि जेट्टीचा ताबा डिसेंबरऐवजी मार्चमध्ये जाईल.
पुढे: दुसरी टोळी 20 एप्रिलला रुजू, जबाबदारी ठेकेदाराची, वेग 4 होऊन पाइल 22 मेला संपतील. दर सोमवारी पाइलचा आकडा प्रोजेक्ट मॅनेजर कळवेल."

10 एप्रिल कुठून आली? टोळी आणि दिवे साइटवर यायला दहा दिवस लागतात, म्हणून. निर्णयाची तारीख अशी मागून मोजत यायची, "लवकरात लवकर" लिहिलं तर फाइल पडून राहते. तसंच "पाठपुरावा सुरू आहे" हे वाक्य दिसलं की थांबायचं आणि विचारायचं की कोण, कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. उत्तर मिळालं तर ते लिहायचं, नाही मिळालं तर तीच बातमी आहे.

जुनी तारीख नवीन तारखेच्या शेजारी ठेवणं अनेकांना खटकतं, "कशाला आठवण करून द्यायची" म्हणतात. पण वरिष्ठांच्या टेबलावर मागचं पान असतंच, आणि गुपचूप सरकवलेली तारीख त्यांना सापडली की पुढच्या सगळ्या आकड्यांवर संशय सुरू होतो. गंमत म्हणजे उशिराबद्दल इतकं कुणी रागावत नाही.

संपादनाने होत नाही अशीही एक गोष्ट आहे. वरच्या हिशोबात हातात फक्त तीन दिवस उरतात, आणि समुद्र मेमध्ये दोन-तीन दिवस आधीच बिघडला तर ते गेले. पान नीट केलं म्हणून ते दिवस वाढत नाहीत, म्हणून "22 मे" याच्यापुढे "मोकळे दिवस 3" एवढे शब्द तरी टाकावेत. जागा नाही अशी सबब चालत नाही, हजेरीची यादी काढली की जागा होते. अक्षर बारीक करून आणि समास खाऊन अडीच पानं एका पानात कोंबणारे लोकही आहेत, त्याला संपादन म्हणत नाहीत.